आठ पानांत टॅलीचा बॅकअप: लिंक्डइनवर माझा दुसरा कॅरसेल

लिंक्डइनवर टाकलेला माझा पहिला कॅरसेल, म्हणजे एकेक पान सरकवत वाचायची पीडीएफ, सतरा पानांचा होता. विषय होता क्लाउडवर जाण्याची प्रक्रिया. लाइक भरपूर आले, पण सगळे माझ्यासारख्याच आयटीवाल्यांचे. मला कामं हवी होती सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची. तिथले मालक क्लाउड शोधत नव्हते. त्यांचा जीव अडकलेला असतो टॅलीत.

दुसऱ्या वेळी विषय उचलला एका कारखान्यातून. अकाउंटंट रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचा, अगदी नेमाने. "कुठं घेता?" विचारलं, तर म्हणाला, "डी ड्राइव्हला." सी आणि डी एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग होते. डिस्क गेली की हिशेब आणि बॅकअप दोन्ही एकदम जाणार. मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काय सांगताय! रोज घेतोय की ओ तो." हेच वाक्य थोडं फिरवून पहिल्या पानावर टाकलं: "टॅलीचा बॅकअप रोज घेता. परत उघडून कधी पाहिलाय?"

पुढची पानं म्हणजे मी तिथं केलेलं काम, त्याच क्रमानं. दुसऱ्या पानावर सी-डी ड्राइव्हची गोष्ट. तिसऱ्यावर टॅलीप्राइममध्ये `Alt+Y` दाबून `Backup` निवडायचं आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. चौथं पान एका ओळीचं: काम झालं की डिस्क काढून ठेवा. कारण फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

पाचव्या-सहाव्या पानावर मी जास्त वेळ घातला, कारण खरी प्रक्रिया तिथंच आहे. बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर `Restore` करायचा आणि तोही नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू डेटाच्याच फोल्डरमध्ये केला तर जुना डेटा नव्यावर बसतो आणि मधल्या नोंदी जातात. मग तीन गोष्टी जुळवायच्या: ट्रायल बॅलन्सची बेरीज, शेवटच्या विक्री बिलाचा नंबर आणि डे बुकमधली शेवटची तारीख. कंपनी उघडली म्हणजे बॅकअप ताजा आहे असं नाही; तारीख महिन्यापूर्वीची निघाली, तर बॅकअप कुठल्या तरी जुन्या फोल्डरचा होतोय असं समजा. सातव्या पानावर, उघडायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवायला सांगितलं. आठव्यावर मी काय करून देतो ते दोन ओळींत, आणि टॅली सर्व्हरवर असेल तर ही पद्धत पुरत नाही हेही. गिऱ्हाईक पळेल म्हणून ही मर्यादा लपवू नका. मालक फसवणूक लगेच ओळखतात.

आता बनवण्याचं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड 10.8 बाय 13.5 इंच उभी ठेवली. मोबाइलवर आडव्यापेक्षा जास्त जागा मिळते. अक्षर 32 पॉइंटच्या खाली नेलं नाही. पीडीएफ झाल्यावर ती आधी स्वतःच्याच मोबाइलवर उघडा आणि मोबाइल दुसऱ्याच्या हातात वाचायला द्या. माझ्या पहिल्या पीडीएफमध्ये 'प्रक्रिया'तली जोडाक्षरं फुटली होती आणि कॉम्प्युटरवर मला ती दिसलीच नाहीत. फॉन्ट बदलून पुन्हा पीडीएफ केली.

एक चूक थोडक्यात टळली. टॅलीच्या स्क्रीनशॉटमध्ये पार्टीची नावं आणि जीएसटी नंबर होते. मी स्लाइडवर त्यांच्यावर काळी पट्टी ओढली. पण हे डॉक्युमेंट वाचणाऱ्याला डाउनलोड करता येतं, आणि पीडीएफमधून खालचं मूळ चित्र काढता येऊ शकतं. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेलं चित्रही आत शिल्लक राहू शकतं. म्हणून नावं पेंटमध्येच खोडली, चित्र नव्यानं सेव्ह केलं आणि मगच स्लाइडवर आणलं. त्याहून बरं म्हणजे टॅलीत खोटी कंपनी उघडून तिचाच स्क्रीनशॉट घ्यावा. आता मी तसंच करतो.

पोस्ट करताना `Add a document` मधून पीडीएफ चढवायची. डॉक्युमेंटला शीर्षक द्यावं लागतं. फाइलचं `final_new2` तसंच राहू देऊ नका. पोस्ट झाल्यावर वरचा मजकूर सुधारता येतो, पीडीएफ मात्र बदलता येत नाही. चूक सापडली तर पोस्ट काढून पुन्हा टाकायची, आणि आलेल्या कमेंट त्यासोबत जातात.

यावेळी लाइक पहिल्याच्या निम्मेही नव्हते. पण पोस्टच्या आकडेवारीत वाचणाऱ्यांची पदं आणि कंपनीचा आकार दिसतो. तिथं पहिल्यांदाच मालक आणि अकाउंटंट दिसले. चौथ्या दिवशी एका युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटच्या अकाउंटंटचा मेसेज आला: "सर, सहाव्या पानावरचं करून बघितलं. आमचं बिल नंबर जुळंना."