थंडरबर्डमधून पीजीपी ईमेल : वाशीहून नौपाड्यापर्यंत

वाशीतल्या दुकानदाराने नौपाड्यातल्या आपल्या सीएला बँक स्टेटमेंट मेल केलं, की ते वाटेत बहुतेक वेळा टीएलएस या तंत्राने कुलूपबंद असतं. पण हे कुलूप फक्त प्रवासापुरतं. मेल सर्व्हरवर पोचलं की ते उघडतं, आणि तिथे ईमेल कंपनीला, किंवा खात्याचा पासवर्ड चोरणाऱ्याला, मजकूर वाचता येतो. फिल झिमरमनने 1991 मध्ये आणलेल्या पीजीपी या कुलूपबंदीच्या पद्धतीत मात्र मेल पाठवणाऱ्याच्या संगणकावर बंद होतं आणि थेट घेणाऱ्याच्या संगणकावरच उघडतं.

दोघांनीही संगणकावर थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम घ्यावा. 78 व्या आवृत्तीपासून त्यात ही सोय आहे.

1. `Account Settings` मध्ये `End-To-End Encryption` उघडा, `Add Key` दाबा आणि नवी `OpenPGP` किल्ली तयार करा. यातून किल्ल्यांची जोडी मिळते. सार्वजनिक किल्लीने मेल बंद होतं, ती कुणालाही द्यावी; खाजगीने ते उघडतं, ती कुणालाच नाही. मुदत आपोआप तीन वर्षांची असते, तेवढी ठीक आहे.

2. `OpenPGP Key Manager` मधून खाजगी किल्लीची प्रत पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर ठेवा. ही पायरी टाळू नका. लॅपटॉप बिघडला आणि प्रत नसेल, तर जुनी मेल्स कायमची गेली. इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं.

3. सार्वजनिक किल्ली जोडून एकमेकांना साधं मेल पाठवा आणि आलेली किल्ली `Import` करा.

4. आता फोन लावा. किल्लीच्या फिंगरप्रिंटमध्ये, म्हणजे तिच्या ओळखखुणेत, 40 अक्षरं-आकडे असतात. एकाने चार-चारच्या गटांत वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर ताडायचे. मधल्या कुणी स्वतःची किल्ली घुसवली असेल, तर ती इथेच पकडली जाते. जुळले तरच किल्ली स्वीकारा.

5. नवीन मेल लिहिताना `Encrypt` दाबून पाठवा. कुणी कुणाला कधी पाठवलं, हे मात्र सर्व्हरला दिसतंच. विषयाची ओळ थंडरबर्ड झाकतं, पण पीजीपीच्या सगळ्याच प्रोग्राममध्ये ती झाकली जाईल असं धरून चालू नका.

गाडी अडते ती पुढे. सीए ठाणे स्टेशनवर उभे राहून फोनवर मेल उघडतात, तर मजकुराऐवजी `encrypted.asc` नावाची फाइल दिसते. फोनच्या नेहमीच्या ॲपमध्ये किल्ली नाही, म्हणून. वेबमेलच्या शोधपट्टीत ‘स्टेटमेंट’ टाकलं तरी काही सापडत नाही, कारण सर्व्हरलाच मजकूर कळत नाही. मग ते म्हणतात, “अहो, व्हॉट्सॲपवर टाका ना!” आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. तिथेही संदेश टोकापासून टोकापर्यंत बंदच असतो, आणि किल्ल्या ॲप स्वतःच सांभाळतं. पीजीपीत ते काम दोघांनाही करावं लागतं. एकाने सोडलं की दुसऱ्याची किल्ली निरुपयोगी. सीएंच्या बाकीच्या पन्नास ग्राहकांकडे पीजीपी नसेल, तर एकासाठी ही सवय टिकणं कठीणच.