टार्गेट चुकलेल्या माणसाशी बोलताना या चुका टाळा

नवा एरिया मॅनेजर आला की महिनाभरात हे वाक्य कानावर पडतंच: "तुझा परफॉर्मन्स घसरलाय, जरा लक्ष दे." कशाकडे लक्ष द्यायचं, ते विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. मीही एकेकाळी हेच बोलायचो.

पाटणच्या बीटवर, म्हणजे तिथल्या दुकानांच्या ठरलेल्या फेरीवर, आमचा एक सेल्स ऑफिसर होता. टार्गेट महिन्याला 6 लाखांचं. तीन महिने तो साडेचारच्या पुढे सरकेना. दर महिन्याला मी त्याला समोर बसवून टक्केवारी ऐकवायचो, तो मान खाली घालून "करतो सर" म्हणायचा. चौथ्या महिन्यात वैतागून एकाच मंगळवारचा हिशोब काढला. त्या दिवशी ऑर्डर 31 दुकानांच्या होत्या आणि बिलं झाली होती 19. म्हणजे पोरगा ऑर्डर आणत होता, माल पोचत नव्हता. डिस्ट्रिब्युटरने टेम्पोच्या दोन फेऱ्यांची एक केली होती. आठवडाभर कोण थांबतं? दुकानदार दुसऱ्याचा माल भरून मोकळे. "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "सर, तुम्हीच ग्रुपवर टाकलं होतं, कारणं चालणार नाहीत." यावर मी काय बोलणार!

तेव्हापासून महिन्याचा एकूण आकडा घेऊन मी बोलायला बसत नाही. कागदावर तीन दिवसांच्या नोंदी लिहून नेतो. प्रत्येकीत तारीख, बीट, किती दुकानं, किती ऑर्डर, किती बिलं. तिन्ही शेवटच्या दोन आठवड्यांतल्याच, कारण त्याआधीचं कुणालाच धड आठवत नाही. पहिली नोंद वाचतो, "या दिवशी काय झालं, सांग," म्हणतो आणि गप्प बसतो. ही शांतता नवख्या मॅनेजरांना सोसत नाही. चार सेकंदांत ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि खरं कारण तिथंच बुडतं.

कारण दरवेळी टेम्पोच असेल असं नाही. दुकानांची भेटच 40 ऐवजी 25 असेल, तर चूक त्याची. तेही तसंच सांगायचं: "25च दुकानं झाली, दुपारी दोननंतर एकही नोंद नाही." "तू आळशी आहेस" म्हटलंत की तो दुकानांचं सोडून स्वतःची बाजू मांडत बसतो.

ग्रुपवर आकडे टाकून टोमणे मारू नका. "त्याला जमतं, तुला का नाही?" हे तर नकोच, बीट वेगळं असतं. 30 तारखेला बोलायला बसू नका. त्या दिवशी तो डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात नको तो माल मारेल आणि पुढच्या महिन्याचा आकडा आणखी घसरेल. मी 5 तारखेच्या आसपास बसतो. अर्धा तास, फोन उलटा ठेवून. आवाज चढतोय असं वाटलं तर चहा मागवतो.

उठताना त्याच कागदावर दोन ओळी लिहितो: तो काय करणार, मी काय करणार. पाटणच्या वेळी माझी ओळ होती, "गुरुवारची फेरी पुन्हा सुरू करून घेणे." ती व्हायला बारा दिवस लागले, आणि तेवढे दिवस मी त्याला आकडा विचारला नाही.