अपघाताचा अहवाल चौदा वर्षांनीही सापडावा म्हणून

म्हापशाजवळच्या एका छोट्या हॉटेलचं कार्यालय मी बरीच वर्षं सांभाळलं. एका पावसाळ्यात वकिलाची नोटीस आली. सहा वर्षांपूर्वी पोहण्याच्या तलावाजवळ एक मुलगा पडला होता आणि त्याचा हात मोडला होता. नोटिशीत मुलाचं नाव होतं आणि साल होतं, बाकी काही नाही. अहवाल लिहिलेला मला नक्की आठवत होता, पण सापडायला तीन दिवस लागले. बुकिंग आजोबांच्या नावावर होतं आणि नातू लेकीचा, म्हणजे आडनावच वेगळं. शिवाय कागद त्या महिन्याच्या बिलांच्या गठ्ठ्यात होता. तो गठ्ठा पुढच्याच वर्षी रद्दीत जायचा होता!

तेव्हा पहिलं काम म्हणजे अहवाल हिशेबाच्या कागदांपासून वेगळे ठेवणं. पानांवर छापील क्रमांक असलेलं बांधीव रजिस्टर घ्या आणि प्रत्येक घटनेला 2018/14 असा वर्ष व अनुक्रमांक द्या. तोच क्रमांक त्या घटनेच्या कागदांच्या पाकिटावर, फोटोंवर आणि संगणकातल्या फोल्डरवर टाका. त्या दिवशी घाईत लिहिलेला मूळ कागद पाकिटातच राहू द्या. अक्षर वाईट आहे म्हणून नंतर सुवाच्य प्रत काढून मूळ फाडून टाकलं, तर समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

दुसरं काम अनुक्रमणिकेचं. खरी मेख इथेच आहे. नोटीस कोणत्या नावाने येईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून एकाच घटनेकडे जाणाऱ्या अनेक वाटा ठेवाव्या लागतात: तारीख, जागा, जखमीचं नाव, पालकांचं नाव आणि बुकिंग ज्याचं त्याचं नाव. नावं ओळखपत्रावर आहेत त्याच स्पेलिंगने लिहा. आपल्याकडे एकच आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणानेही लिहितात आणि इंग्रजी वळणानेही, म्हणून दुसरं स्पेलिंग ठाऊक असेल तर तेही शेजारी टाका. जागा लिहिताना नुसता खोली क्रमांक पुरत नाही. आमच्याकडे डागडुजीनंतर सगळ्या खोल्यांचे क्रमांक बदलले. ‘तलावाच्या पूर्वेची पायरी, न्हाणीघराच्या दाराशी’ असं लिहिलेलं कधीही कळतं. साक्षीदार कामगाराचा गावाकडचा पत्ताही घ्या. हंगाम संपला की तो आपल्या गावी जातो आणि मोबाइल नंबर बदलतो.

आता किती वर्षं ठेवायचं? ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे, पण सबळ कारण दिलं तर उशीर माफ होतो. दिवाणी दाव्याला मुदत अधिनियम, 1963 लागू होतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची मुदत चालते का हा वाद बरीच वर्षं होता. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली तो 1963 च्या कायद्याच्या बाजूने मिटवला. या कायद्यात नुकसानभरपाईच्या बऱ्याच दाव्यांना 3 वर्षं मिळतात. मात्र जखमी अज्ञान असेल, तर सज्ञान झाल्यानंतरही त्याला दावा करता येतो.

उदाहरण घ्या. मार्च 2011 मध्ये जन्मलेला मुलगा मे 2018 मध्ये पडला. तो मार्च 2029 मध्ये अठरा वर्षांचा होईल आणि त्यापुढची 3 वर्षं मार्च 2032 ला संपतील. शेवटच्या दिवशी दाखल झालेल्या दाव्याचं समन्स यायला महिने जातात, म्हणून पाकिटावर ‘डिसेंबर 2033 पर्यंत फाडू नये’ असं लाल शाईत लिहा. अर्थात जखमीची जन्मतारीख अहवालात असेल तरच हा हिशेब जमतो. बहुतेक अहवालांत ती नसते.

पाकिटात काय असावं? त्या वर्षाच्या विमा पॉलिसीची पूर्ण प्रत हवी, कारण घटनेच्या दिवशीची पॉलिसी लागू होते की दाव्याच्या दिवशीची, हे तिच्यातल्या मजकुरावर ठरतं. विमा कंपनीला कळवल्याची पोचही हवी. औषधाच्या दुकानाची पावती उष्णतेने छापलेली असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आमच्या पाकिटातली पावती कोरी झाली होती. आपल्या दमट हवेत भिंतीला टेकवलेलं लाकडी कपाट म्हणजे वाळवीला आमंत्रण. त्यापेक्षा जमिनीपासून वर उचललेलं लोखंडी कपाट बरं.

सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, म्हणून त्याच संध्याकाळी प्रत काढा. यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही अहवालात लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही फेरफार झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, द्यावा लागतो. विंडोजमध्ये तो असा काढतात:

```
certutil -hashfile 2018-14.mp4 SHA256
```

आलेला आकडा कागदावर छापून, सही करून पाकिटात ठेवा.

दरवर्षी जूनमध्ये, गर्दी ओसरली की, एक परीक्षा घ्या. नव्या मुलाला फक्त जखमीचं नाव आणि साल सांगा आणि पाकीट आणायला पाठवा. दहा मिनिटांत तो रिकाम्या हाताने परत आला, तर अनुक्रमणिकेत कोणती वाट राहिली ते त्यालाच विचारा.