कबड्डी स्पर्धेचं प्रायोजक-पत्र: ‘प्रसिद्धी होईल’ हे वाक्य आधी काढा

तालुक्याच्या गावात व्यापाऱ्यासमोर गणपतीपासून जयंत्यांपर्यंत वर्षभर पावतीपुस्तकं येतात. तुमचं पत्रही ‘सहकार्याची अपेक्षा’ म्हणत गेलं, तर तो पाचशेची पावती फाडायला सांगणारच. मंडळातले जुने लोक म्हणतात, पत्र नावापुरतं, कामं ओळखीनं होतात. मला हे अजिबात पटत नाही. ओळखीचा माणूस पहिल्या वर्षी पैसे देतो, दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही.

एक उदाहरण घेऊ. 16 संघ, बाद पद्धत, तीन रात्री प्रकाशझोतात सामने, दोन मैदानं. मागायचे आहेत 15,000 रुपये, टाइल्सच्या दुकानाकडे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नमुन्यात असं असतं: ‘आमच्या भव्य स्पर्धेस हजारो प्रेक्षक येतात. मैदानावर आपला बॅनर लावण्यात येईल व आपल्या व्यवसायाची मोठी प्रसिद्धी होईल. समाजकार्य समजून मदत करावी.’ हा नमुना वापरूच नका.

खरा सापळा बॅनरच्या वाक्यात आहे, आणि मला त्याचा त्रास अजून आठवतो. अंतिम रेषेच्या मागे राखीव आणि बाद झालेले खेळाडू बसतात, त्यांच्या मागे आणि बाजूंना प्रेक्षक. कठड्याला बांधलेला तीन फुटी फ्लेक्स सात वाजता छान दिसतो. नऊ वाजता माणसं टेकून बसली की दुकानाचं नाव दिसत नाही, नुसता वरचा पट्टा उरतो. हॅलोजन फ्लेक्सच्या मागे असतील तर तोही काळा पडतो. आणि मालक नेमका अंतिम सामना बघायला येतो. म्हणून पत्रात माप, जागा आणि उंची लिहा. खालची कड जमिनीपासून सात फुटांवर आणि उजेड समोरून, एवढं पक्कं असेल तरच शब्द द्या. सगळ्यात मोलाची जागा म्हणजे गुणफलकाखालची पट्टी, कारण प्रत्येक चढाईनंतर नजर तिथे जाते. ती एकालाच द्या. चौकातल्या फ्लेक्सचं आश्वासन नगरपरिषदेची परवानगी हातात आल्याशिवाय देऊ नका. विनापरवाना फलक उतरवले जातात, आणि त्यावर नाव त्या दुकानदाराचं असतं.

घोषणेचंही तसंच आहे. चढाई चालू असताना समालोचकानं दहा वेळा नाव घेतलं तरी गलक्यात कुणाला ऐकू येत नाही. नाणेफेक झाली, संघ समोरासमोर उभे राहिले की मैदान शांत असतं, तेव्हा एकदा. 8, 4 आणि शेवटच्या रात्री 3, असे 15 सामने होतात, म्हणजे 15 घोषणा. हा आकडा तुमच्या हातात आहे. ‘हजारो प्रेक्षक’ तुमच्या हातात नाहीत. पत्रात मोजून देता येईल तेवढंच येऊ द्या.

आता तेच पत्र पुन्हा लिहू:

‘आपल्या दुकानात फरशी बसवण्याचं अॅडहेसिव्ह मिळतं, म्हणून रोजचा ‘उत्कृष्ट पकड’ पुरस्कार आपल्या नावे द्यावा, अशी विनंती आहे. यासाठी 15,000 रुपयांचं प्रायोजकत्व अपेक्षित आहे. आमच्याकडून: गुणफलकाखाली 8 बाय 2 फुटांची पट्टी, तिन्ही रात्री, प्रत्येक सामन्याआधी आपण दिलेल्या एका वाक्याची घोषणा, एकूण 15, आणि पुरस्कार आपल्या हस्ते. पहिल्या दोन रात्रींचे पुरस्कार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 8 वाजता देऊ, म्हणजे आपल्याला मध्यरात्रीपर्यंत थांबावं लागणार नाही. पावसानं एखादी रात्र रद्द झाल्यास पट्टी आणि घोषणा बदली दिवशी होतील. पट्टी छापायला द्यायची असल्याने 10 तारखेपर्यंत कळवावं. यंदा जमत नसल्यास तसं निःसंकोच सांगावं.’

आठ वाजताचं ते वाक्य काढू नका. पहिल्या रात्री एका मैदानावर चार सामने होतात, उत्कृष्ट पकड कुणाची हे ठरेपर्यंत बारा वाजतात, आणि दुकानदाराला सकाळी शटर उघडायचं असतं. त्याच्या वेळेची एवढी कदर पत्रात दिसली, तर ‘माननीय, आदरणीय’ची माळ लावावी लागत नाही. ‘शेजारच्या दुकानानं दिले’ हे मात्र कधीही लिहू नका, तोंडीसुद्धा बोलू नका. नगरसेवकाला पुढे घालून पाच जणांनी दुकानात शिरणं ही तर सरळ दमदाटी वाटते. दोघं जा, दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना.

पैशांबाबत एक इशारा: जाहिरातीच्या बदल्यात घेतलेली रक्कम ही देणगी नव्हे. देणगीवर मिळणारी आयकराची 80जीची सवलत मिळेल असं पत्रात लिहू नका. रक्कम चेकनं, मंडळाच्या नावे घ्या, आणि पावतीवर ‘प्रायोजकत्व’ असं लिहा.

नकार येतील, त्याने खचू नका. ‘यंदा नाही’ म्हणणाऱ्यालाही अंतिम सामन्याचं निमंत्रण पाठवा. ज्यानं पैसे दिले, त्याला स्पर्धा संपल्यावर आठवड्याच्या आत त्याच्या पट्टीचा रात्री नऊनंतर, गर्दी असताना काढलेला फोटो आणि पुरस्कार देतानाचे तीन फोटो नेऊन द्या. पुढच्या वर्षीच्या पत्राला तेच फोटो जोडायचे.