लोकलच्या गर्दीत इअरफोन: वायरवाले की ब्लूटूथ?

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडून दादरला उतरणाऱ्या माणसाचा प्रवास तासाभराचा असतो. पण इअरफोनची खरी परीक्षा होते ती चढताना आणि उतरताना. तेव्हा दोन्ही हात अडकलेले असतात, बॅग पोटाशी धरलेली असते आणि शेजाऱ्याचा खांदा थेट कानाला लागतो. म्हणून इअरफोन निवडताना आधी एवढंच बघा: तुम्ही उभ्याने जाता की बसून? बसायला जागा मिळत असेल तर काहीही चालेल. उभ्याने जाणाऱ्याने मात्र सुटे इअरबड घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. धक्क्याने निसटलेला बड पायांच्या गर्दीत शोधता येत नाही. दारातून रुळांवर पडला तर तो गेला असंच समजा, त्याच्यासाठी खाली उतरायचं नाही. उरतात दोन पर्याय: वायरवाले किंवा नेकबँड.

वायरवाले घेणार असाल तर आधी फोनला गोल जॅक आहे का ते पाहा. नसेल तर टाइप-सी पिनचे इअरफोन लागतील, पण टाइप-सी पिनचे सगळेच इअरफोन सगळ्या फोनवर चालत नाहीत. काहींच्या पिनमध्येच डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप असते, काहींमध्ये नसते. चिप नसलेले काही फोनवर मुकेच राहतात. म्हणून दुकानातच आपल्या फोनला लावून गाणं वाजवून बघा. पिन शक्यतो काटकोनात वळलेली घ्या. सरळ पिन खिशात वाकत राहते आणि वायर तुटते ती बहुधा पिनच्या बुडाशीच.

आता वायर कशी न्यायची ते. फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा. वायर शर्टाच्या किंवा कुर्त्याच्या आतून वर घ्या आणि गळ्यापाशी बाहेर काढा. तिथे वीतभर वायर सैल सोडा, म्हणजे मान वळवली तरी कानाला ओढ बसत नाही. वायरला चिमटा असेल तर तो कपड्याच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर लोंबणारी वायर दुसऱ्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकते, आणि उतरताना मागून रेटा आला की बड कानातून ओढला जातो. बाहेर वायर दिसलीच नाही तर हा त्रास जवळजवळ संपतो. एका कानाचा आवाज जाऊ-येऊ लागला तर गाणं चालू ठेवून पिनजवळची वायर हलकेच वाकवा. तेवढ्याने आवाज तुटत असेल तर आत तार तुटली आहे.

नेकबँड घेतलात तर तो कॉलरच्या आत घाला. बड कानातून पडला तरी गळ्यातच राहतो. ब्लूटूथची तक्रार वेगळी असते: गर्दीत आवाज मध्येच तुटतो. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं आणि या लहरी आपल्या शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन पँटच्या मागच्या खिशात असेल तर तुमचंच शरीर मध्ये येतं. आवाज तुटला की फोन छातीच्या खिशात किंवा पुढे धरलेल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. तुटणं थांबलं तर दोष फोनच्या जागेचा होता, इअरफोनचा नाही. तरीही थांबलं नाही तर डब्यातल्या इतर उपकरणांची त्याच पट्ट्यातली वर्दळ हे कारण असू शकतं. त्यावर आपल्या हाती फार काही नाही. तिथे वायरचंच पारडं जड.

शेवटी आवाजाची पातळी, आणि इथे कुणीही हयगय करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित आहे, पण 90 डेसिबल असेल तर फक्त 4 तास. जाऊन-येऊन रोज दोन तास त्या आवाजात ऐकलं तर आठवड्याची मर्यादा मंगळवारी संध्याकाळीच संपते. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो. त्याऐवजी बडचं रबर बदला. सोबत सहसा तीन मापांची रबरं येतात. एकेक लावून स्वतःशी बोला: आवाज घुमल्यासारखा, जड ऐकू आला तर कान नीट बंद झाला आहे. गाण्यातला ठेका पातळ वाटत असेल तर रबर लहान पडतंय. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. बसमध्ये किंवा उभ्या गाडीत पुढच्या थांब्याची घोषणा ऐकायची असेल तर एक बड काढून ठेवा आणि फलाटावर, रस्त्यावर दोन्ही.