साठ की आठ? घरच्या घरी स्वच्छ आवाज रेकॉर्ड करताना

मी कोपरखैरण्यात अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या मुलांना पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते. गैरहजर मुलांसाठी व्हिडिओ करायचे ठरवले तेव्हा सगळा पैसा चित्रावर घातला: जुना पण चांगला कॅमेरा, स्टँड, दोन दिवे. चित्र खरोखरच सुंदर आले. घसाऱ्याचा धडा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाने वही पुढे केली. त्याने 8,000 रुपयांच्या यंत्रावर दहा टक्क्यांनी 800 रुपये घसारा काढला होता. मी सांगितलेली किंमत होती 60,000, म्हणजे घसारा 6,000.

"मॅडम, तुम्ही आठ हजारच म्हणालात," तो म्हणाला. मी व्हिडिओ लावून डोळे मिटून ऐकला. तो खरे बोलत होता. मला स्वतःलाच 'आठ' ऐकू आले.

मुले गणित उतरवून घेताना वहीकडे बघतात, पडद्याकडे नाही. चित्र अंधूक असले तरी व्हिडिओ थांबवून फळ्यावरचा आकडा ओळखता येतो. पण 'साठ'मधला 'स' हरवला, तर तो कितीही वेळा मागे जाऊन ऐकला तरी सापडत नाही. 'स', 'श', 'त', 'च' ही व्यंजने बारीक असतात. त्यांच्यामागे गळ्याचा जोर नसतो, नुसती हवा असते. 'आ'सारखा स्वर मात्र दणदणीत असतो आणि रिकाम्या खोलीत घुमत राहतो. आधीच्या शब्दाचा स्वर घुमत असतानाच पुढचा 'स' येतो आणि त्याखाली झाकला जातो.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शास्त्रज्ञांचे तेच बोलणे कधी चांगल्या, तर कधी वाईट आवाजात ऐकवले. आवाज वाईट असताना ऐकणाऱ्यांना संशोधनही कमी दर्जाचे वाटले आणि बोलणाराही कमी हुशार वाटला. शब्द मात्र तेच होते.

माझी चूक कॅमेऱ्याच्या दर्जात नव्हती, अंतरात होती. कॅमेरा माझ्यापासून सहा फुटांवर होता आणि त्याचा माइक त्याच्यातच. तोंडापासून माइकपर्यंतचे अंतर निम्मे केले की थेट पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. सहा फुटांचे तीन फूट, मग दीड फूट, मग नऊ इंच: तीनदा निम्मे, म्हणजे सुमारे 18 डेसिबल. खोलीतला घुमारा मात्र माइक कुठेही ठेवला तरी जवळपास तेवढाच राहतो. म्हणून माइक तोंडाजवळ आणला की घुमारा आपोआप मागे पडतो. महागडा माइक सहा फुटांवर ठेवण्यापेक्षा साधा माइक एका वितीवर केव्हाही चांगला. बाकी सगळे यानंतर.

सुरुवात मी एक रुपयाही न घालता केली. दुसरा फोन कुर्त्याच्या वरच्या खिशात उलटा ठेवला, कारण फोनचा माइक चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो आणि ती बाजू तोंडाकडे यायला हवी. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू करून कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली. एडिटिंग करताना टाळीचा उंच टोकदार उंचवटा दोन्ही पट्ट्यांवर दिसतो. ते दोन जुळवायचे आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद करायचा. रेकॉर्डिंग दहा-बारा मिनिटांचेच ठेवा. दोन उपकरणांची घड्याळे किंचित वेगळी चालतात, त्यामुळे तासाभराच्या व्हिडिओत ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटतो.

नंतर वायरवाला कॉलर माइक घेतला, हजार रुपयांच्या आतला. घेताना पिन बघा. फोनला लागणाऱ्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. चुकीची पिन लावली तर फोन काहीच तक्रार करत नाही, तो गुपचूप स्वतःच्या माइकवरच रेकॉर्ड करत राहतो. काही माइकना फोन आणि कॅमेरा असे बटण असते, तेही तपासा. माझे एका संध्याकाळचे चार धडे असेच वाया गेले. आता दरवेळी आधी दहा सेकंद रेकॉर्ड करते आणि कॉलर माइकवर नखाने हलकेच खाजवते. ऐकताना खरखर मोठी आली तरच तो माइक चालू आहे.

माइक हनुवटीच्या खाली एक वीतभर, कुर्त्याच्या पट्टीवर लावा, अगदी तोंडासमोर नको. माझ्या विषयात 'भांडवल' आणि 'भागीदार' मिनिटामिनिटाला येतात. त्या 'भ'बरोबर सुटलेला श्वास समोरच्या माइकवर आदळला की 'धप्' असा आवाज होतो आणि तो नंतर नीट निघत नाही. ओढणी आणि मंगळसूत्रही माइकला घासणार नाही असे बघा.

मग खोली. टाळी वाजवून बघा. टाळीमागे टणटणीत शेपूट ऐकू आले तर त्या खोलीत घुमारा आहे. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेला आमचा हॉल तसाच आहे. मी आतल्या खोलीत गेले, जिथे गादी आणि कपड्यांचे उघडे कपाट आहे. ज्या भिंतीकडे तोंड करून बोलते तिच्यापुढे दोरी बांधून दोन गोधड्या टांगल्या, भिंतीपासून चार बोटे सोडून. चिकटवलेल्या कापडापेक्षा असे अंतर ठेवून टांगलेले कापड आवाज जास्त शोषते. पण गोधडीने बाहेरचा आवाज अडत नाही, आणि पातळ फोमनेही नाही. ठाणे-वाशी लोकलचा भोंगा आणि पाण्याच्या टँकरचा घरघराट यावर एकच उपाय, वेळ बदलणे. मी रात्री उशिरा बसते. पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज परत चालू करायचे विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते.

आवाजाची पातळी दाखवणारे रेकॉर्डिंग अॅप वापरा. सगळ्यात जोरात बोलाल ते वाक्य म्हणा आणि काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असे ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. थोडा हळू आलेला मात्र नंतर वाढवता येतो.

सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा निवडून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबायचे, मग सगळे रेकॉर्डिंग निवडून, पुन्हा Noise Reduction उघडून 6 ते 9 डेसिबल कमी करायचे. लोभाने वीस-पंचवीस केले तर पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येते. शिवाय हे साधन सतत एकसारखी चालणारी घरघर काढते, घुमारा नाही. घुमारा हा आपलाच आवाज असतो, तो वेगळा काढायचा कसा? म्हणून आधी अंतर आणि गोधड्या.

पाठवण्यापूर्वी मी एक चाचणी घेते. साठ, आठ, सात, एकोणसाठ, सदुसष्ट, अडुसष्ट असे दहा आकडे त्याच जागी, त्याच माइकवर बोलते आणि सासूबाईंना साध्या इयरफोनवर ऐकवते. "आई, ऐकाल ते लिहा, मला विचारू नका," एवढेच सांगते. कॅमेऱ्याच्या माइकवर घेतले तेव्हा त्यांचे दहापैकी सहा बरोबर आले. कॉलर माइक आणि गोधड्यांनंतर नऊ. चुकला तो सदुसष्ट, आणि परत ऐकले तेव्हा कळले की तो मीच घाईत गिळला होता. ते वाक्य पुन्हा घेतले आणि मग घसाऱ्याचा धडा पहिल्यापासून रेकॉर्ड केला.