अपील एकदाच करता येतं: कुकिंग चॅनेलवरच्या चुकीच्या स्ट्राइकला उत्तर देताना या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागात माझं व्हिडिओ एडिटिंगचं छोटं काम आहे. येणाऱ्यांत निम्म्या स्वयंपाकाचे चॅनेल चालवणाऱ्या काकू, वहिनी. साइटने नियमभंग धरून व्हिडिओ काढला, म्हणजे स्ट्राइक आला, की त्यांचा फोन येतो, आणि दहापैकी आठ वेळा फोन येईपर्यंत अपील करून झालेलं असतं. तेच मला सगळ्यात जास्त लागतं. व्हिडिओ चांगला असतो, बाजू खरी असते आणि पत्र रागात लिहून वाया घालवलेलं असतं.

आधी नियम सांगतो. बहुतेकांचे चॅनेल यूट्यूबवर आहेत, म्हणून तिथलेच सांगतो. नियमभंगाबद्दल पहिल्यांदा सहसा ताकीद मिळते. त्यानंतरच्या पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा काही टाकता येत नाही. ९० दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे, आणि तिसरा आला तर चॅनेल जातो. प्रत्येक स्ट्राइक ९० दिवसांनी उतरतो. एका स्ट्राइकवर अपील एकदाच करता येतं, पण त्यासाठीही ९० दिवस असतात. म्हणजे घाई करायचं काहीच कारण नसतं, तरी लोक पहिल्या तासातच पत्र पाठवून मोकळे होतात.

चूक पहिली: पत्रात स्वतःबद्दल लिहिणे

ओळखीच्या एका काकूंचा सावजी मसाल्याचा व्हिडिओ उडाला. साइटचं नाव इथे नको, पण अपील तिथेही एकदाच होतं. कारण दिलं होतं अमली पदार्थांचं. व्हिडिओत काय होतं? खसखस भाजणे, सुकं खोबरं भाजणे, दगडफूल, धणे, मिरी, आणि शेवटी सगळं वाटणे. फक्त थंबनेलवर पुतण्याने लाल अक्षरांत लिहिलं होतं, “सावजीत अफू?” लोक थांबून बघतील म्हणून. आणि खाली वर्णनात काकूंचा फोन नंबर होता, “मागवण्यासाठी व्हॉट्सअॅप करा”.

तो नंबर मसाल्याच्या पुड्यांसाठी होता. पण थंबनेल आणि वर्णन एकत्र वाचून पाहा. वर अफू, खाली मागवण्यासाठी नंबर. व्हिडिओ न बघता कोणी एवढंच वाचलं तर तो काय समजेल?

रात्री अकराला स्ट्राइक आला आणि पुतण्याने पाऊण तासात पत्र पाठवलं. मी ते नंतर वाचलं. काकू चार वर्षांपासून मेहनत करत आहेत, घर याच्यावर चालतं, आम्ही सभ्य माणसं आहोत, बाकी चॅनेलवर असेच व्हिडिओ आहेत ते का चालतात, आमच्या पोटावर पाय देऊ नका. एक शब्दही खोटा नव्हता. पण खसखस हा शब्द त्या पत्रात एकदाही नव्हता. फोन नंबर कशासाठी होता, हेही नव्हतं. सकाळी उत्तर आलं: निर्णय कायम.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून एकच वाक्य येत होतं, “मी का अफू विकून राहिली का रे बाप्पा?” त्या आठवड्यात पोळा होता, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पुरणपोळीचा आणि मुलांच्या खाऊचा असे दोन व्हिडिओ तयार होते, ते तसेच पडून राहिले. मला काहीच करता आलं नाही, कारण अपील संपलेलं होतं.

तपासणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो: या व्हिडिओने अमुक नियम मोडला का? तुमची मेहनत, तुमचं उत्पन्न, दुसऱ्यांचे व्हिडिओ यांपैकी कशानेही त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. माझी सवय अशी, की पत्र लिहून झालं की “मी”, “माझे”, “आम्ही” या शब्दांखाली रेघ ओढतो. ज्या वाक्यात हा शब्द आहे पण व्हिडिओतली एखादी गोष्ट नाही, ते वाक्य काढून टाकतो. काकूंच्या पत्रावर हे केलं असतं तर खाली फक्त चॅनेलचं नाव उरलं असतं.

चूक दुसरी: “व्हिडिओ शैक्षणिक आहे” एवढंच लिहून थांबणे

हे वाक्य प्रत्येक अपिलात असतं आणि एकट्याने त्याचा उपयोग शून्य. शिक्षण, माहितीपट, विज्ञान आणि कला यांसाठी नियमांत सवलत आहे, हे खरं. पण ती मागायची तर काय शिकवलं, कोणत्या मिनिटाला शिकवलं आणि कोणती गोष्ट मुद्दाम दाखवली नाही, हे सांगावं लागतं. संदर्भ व्हिडिओच्या आवाजात किंवा चित्रातच असलेला बरा. नुसत्या वर्णनात लिहिलेला खुलासा बऱ्याचदा पुरेसा धरत नाहीत. आणि अमली वस्तूच्या विक्रीला ही सवलत नाहीच. म्हणून फोन नंबरचा खुलासा पत्रात सगळ्यात आधी हवा होता.

खसखशीचंच पुढे नेतो, कारण काही महिन्यांनी दुसऱ्या एका ताईंना जवळपास तसाच स्ट्राइक आला. त्यांनी पत्र पाठवायच्या आधी फोन केला, याचं मला आजही बरं वाटतं. मी म्हटलं, “ताई, आज काहीच लिहू नका. उद्या सकाळी मूळ फाइल घेऊन या.” व्हिडिओ साइटवरून उडाला की तो उघडून वेळा बघता येत नाहीत. मूळ फाइल जवळ असेल तरच मिनिट-सेकंद लिहिता येतात. आम्ही दोघांनी तो व्हिडिओ वही घेऊन पाहिला. “अफू” शब्द दोनदा आला होता, दोन्ही वेळा चाळीस सेकंदांच्या एकाच तुकड्यात. मग हे पत्र झालं:

“या व्हिडिओत नागपूरचा सावजी मसाला घरी कसा करायचा ते शिकवले आहे. वर्णनातला फोन नंबर तयार मसाल्याच्या पुड्यांसाठी आहे, दुसरे काहीही विकले जात नाही. २:१० ते २:५० या भागात ‘अफू’ हा शब्द येतो. तिथे सांगितले आहे की खसखस ही अफूच्या झाडाची पिकलेली बी, आणि अफू म्हणजे त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाचा वाळलेला चीक. स्वयंपाकात फक्त बी वापरतात. बोंड, चीक किंवा झाडाचा दुसरा कोणताही भाग व्हिडिओत नाही. नशेसाठी काही तयार करण्याची कृती नाही. ४:०५ पासून ५० ग्रॅम खसखस कोरडी भाजून इतर मसाल्यांबरोबर वाटली आहे. भारतात खसखस किराणा दुकानात मिळते, आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक एनडीपीएस कायद्यात पॉपी स्ट्रॉच्या, म्हणजे काढणीनंतरच्या अफूच्या झाडाच्या, व्याख्येतून बिया वगळलेल्या आहेत. शीर्षकात ‘अफू’ शब्द असल्याने गैरसमज होऊ शकतो, पण त्याचा खुलासा २:१० ला आहे. कृपया हा भाग पाहून निर्णय पुन्हा तपासावा.”

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ परत आला आणि स्ट्राइक उतरला.

यातल्या दोन गोष्टींवर आम्ही बराच वेळ घातला. ताईंना लिहायचं होतं, “खसखशीत अफूचा अंशही नसतो.” मी ते लिहू दिलं नाही. बीच्या आत चीक नसतो, पण काढणीच्या वेळी बोंडाचा चीक बीच्या वरच्या सालीला थोडाफार लागू शकतो. तपासणाऱ्याला हे माहीत असलं तर एका चुकीच्या वाक्यामुळे बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वास जातो. बोंड आणि चीक व्हिडिओत नाहीत, हे वाक्य मात्र कोणीही तपासून पाहू शकतो. अपिलात अशीच वाक्यं हवीत.

दुसरी गोष्ट म्हणजे “भारतात” हा शब्द. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये खसखस बाळगणंसुद्धा अडचणीचं आहे. तुमचं पत्र वाचणारा कुठे बसलाय, हे तुम्हाला कळत नाही. इतवारीच्या बाजारात पोत्याने मिळणारी वस्तू त्याने कधी बघितलीही नसेल. म्हणून वस्तू काय, कुठे मिळते आणि इथला कायदा काय म्हणतो हे एका वाक्यात सांगायचं. कायद्याचा याहून जास्त पसारा नको. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्यावर अफूची शेती होते, हे ताईंना पत्रात घालायचं होतं. माहिती बरोबर आहे, पण व्हिडिओत तिचा उल्लेख नव्हता, म्हणून पत्रातही घेतली नाही.

हेच वेगळ्या व्हिडिओला लावायचं तर प्रश्न बदलतो, पद्धत नाही. कोंबडी किंवा मासा साफ करण्याचा व्हिडिओ क्रूरतेच्या कारणाने उडाला, तर यूट्यूबच्या त्या नियमात अन्न शिजवण्यासारख्या रूढ कारणांचा वेगळा विचार केलेला आहे. तिथे प्राणी आधीच मेलेला होता हे कोणत्या सेकंदाला दिसतं, ते लिहा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

व्हिडिओ डिलीट करू नका. स्ट्राइक तसाच राहतो.

तोच व्हिडिओ नाव बदलून पुन्हा टाकू नका. दुसरा स्ट्राइक येण्याची शक्यता असते.

बंदीच्या आठवड्यात बहिणीच्या किंवा मुलाच्या चॅनेलवरून आपले व्हिडिओ टाकू नका. ते बंदी चुकवणं धरलं जातं आणि त्यात चॅनेल जाऊ शकतो.

कॉपीराइटचा स्ट्राइक असेल तर हे पत्र तिथे चालत नाही. पार्श्वसंगीत किंवा दुसऱ्याचं फुटेज असं कारण दिसलं की वाट वेगळी: दावा करणाऱ्याशी बोलणं किंवा प्रतिसूचना, म्हणजे दावा चुकीचा असल्याची हरकत, देणं, आणि प्रतिसूचना कायदेशीर कागद असते. नोटीस नीट वाचल्याशिवाय अपील लिहायला बसूच नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक तरीही वाचत नाहीत.

“स्ट्राइक काढून देतो” म्हणून पैसे आणि पासवर्ड मागणाऱ्याला दोन्ही देऊ नका.

नेटवरचं तयार पत्र चिकटवू नका. त्यात तुमच्या व्हिडिओचं एकही मिनिट नसतं.

आणि भाषा. मी आधी मराठीत लिहितो, कारण खरं काय घडलं ते मराठीतच नीट आठवतं. मग साध्या इंग्रजीत उतरवतो, आणि “खसखस”, “सावजी” हे शब्द तसेच ठेवून पुढे चार शब्दांत अर्थ देतो. फॉर्ममध्ये जागा थोडीच असते, म्हणून पत्र आधी वहीत लिहून घ्यायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं.

काकूंचा चॅनेल चालू आहे. मसाल्याचा नवा व्हिडिओ त्यांनी दिवाळीआधी टाकला. थंबनेलवर फक्त “सावजी मसाला” आहे, पुड्यांचा नंबर वेगळ्या पानावर आहे, आणि खसखस काय असते हे त्या पहिल्याच मिनिटात, हातात बी घेऊन, स्वतःच्या तोंडाने सांगतात.